पूर्ण रिकामे, आत कोणी नाही

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या रेल्वे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही दोन हजार सालानंतरच्या त्या दशकाच्या शेवटाशेवटाला मी अशी नोकरी धरली, जिच्यात वाट बघणं हेच मुख्य काम होतं. जयपूरच्या मुरलीपुऱ्यात खाली पंख्यांच्या जाळ्या बनवणारा कारखाना आणि वर आमचं ऑफिस. इंग्लंडमधली एक कंपनी घरगुती यंत्रांचे सुटे भाग विकायची. कपडे धुण्याच्या मशीनचा पट्टा, फ्रिजच्या दाराचं रबर, असलं काहीबाही. तिच्या वेबसाइटवर कोणी ‘आमच्याशी बोला’ हे बटण दाबलं, की चॅटची खिडकी आमच्यापैकी कोणाच्या तरी पडद्यावर उघडायची. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार, म्हणून आमचं काम जेवणानंतर सुरू व्हायचं.

दीड वर्ष मी स्वतः चॅटवर बसले. मग मला उठवून क्वालिटीत बसवलं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चॅटच्या नोंदी वाचून त्यांच्या चुका काढायचं काम. माझ्या स्वभावाला इतकं शोभणारं काम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

एका सोमवारी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब जयपूरचेच, बोलायला गोड, आकड्यांच्या बाबतीत दगड. म्हणाले, “मॅडम, एक लिस्ट बना दीजिए. खाली मेसेज कितने टाइप के होते हैं, बस.”

झालं असं होतं की आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी चॅटमध्ये गिऱ्हाइकाचा पहिला संदेश रिकामा असायचा, किंवा असून नसल्यासारखा. कोणी नुसतं ‘हाय’. कोणी एक टिंब. इंग्लंडवाल्यांना जाणून घ्यायचं होतं की हे नेमकं काय प्रकरण आहे, किती जातीचं आहे, आणि त्यातल्या कोणत्या जाती मशीनने परस्पर बंद केल्या तर चालतील. नमुना म्हणून गेल्या महिन्यातल्या चॅटच्या नोंदींचा गठ्ठा त्यांनी काढायला सांगितला होता. तो मी वाचायचा, वर्गवारी करायची आणि शुक्रवारी द्यायची.

“और हाँ,” साहेब म्हणाले, “आपकी आंटी का भी शुक्रवार को ही है.”

आंटी म्हणजे आमच्या काकू. या बाईंबद्दल आधी सांगायला हवं. त्या नागपूरकडच्या, त्यांचे यजमान रेल्वेत, बदलीवर जयपूरला आलेले, आमच्या क्वार्टरच्या समोरच राहायच्या. बी.ए. इंग्रजी झालेल्या, पण चाळीशी ओलांडेपर्यंत एक दिवस नोकरी केली नव्हती. मुलगी हॉस्टेलला गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा एके दिवशी आमच्या आईला म्हणाल्या, “मले पण काही करायचं आहे.” मी तिथेच चहा पीत बसले होते. मोठ्या तोऱ्यात म्हणाले, माझ्या ऑफिसात घेतील. आणि घेतलंही, माझ्या शब्दावर, तीन महिन्यांच्या बोलीवर. ते तीन महिने शुक्रवारी संपत होते. त्या दिवशी त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं.

काम त्या मन लावून करायच्या. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. पण त्यांचा प्रत्येक चॅटला लागणारा सरासरी वेळ सगळ्या ऑफिसात सर्वांत जास्त होता. भिंतीवर दर सोमवारी यादी लागायची आणि काकू तळाला असायच्या, एखाद्या आठवड्याचाही अपवाद नाही. मी त्यांना दहादा सांगितलं होतं की जरा हात चालवा. त्या म्हणायच्या, “हो गं बाप्पा, चालवते.” आणि पुन्हा तळाला.

तर मी गठ्ठा घेऊन बसले. वर्गवारी दोघांनी वेगवेगळी करायची आणि मग ताडून पाहायची, अशी पद्धत होती, कारण एकट्या माणसाला आपलं सगळंच बरोबर वाटतं. माझ्या जोडीला राजा पार्कहून येणारा एक पंजाबी मुलगा दिला होता. मी त्याला तोंडावर राजा पार्क म्हणूनच हाक मारायचे. तो बिचारा ओ द्यायचा.

पहिल्या दिवशी मी फक्त पहिले संदेश वाचत गेले. पुढचं चॅट वाचायचं नाही, कारण मशीनला बंद करायचं असेल तर तेही पहिल्या संदेशावरूनच ठरवणार, असा माझा हिशेब. आणि खरं सांगते, मजा आली. नुसता नमस्कार करून गप्प बसणारे. नुसतं प्रश्नचिन्ह टाकणारे. एकच शब्द ‘मदत’. आगापीछा न सांगता नुसता ऑर्डर नंबर डकवणारे. वेबसाइटवरच्या एखाद्या पानाचा लांबलचक पत्ता चिकटवून मोकळे होणारे. ‘तिकडे माणूस आहे का मशीन’ असं विचारणारे, हे माझे आवडते. कीबोर्डवरून मांजर चाललं असावं तशी अक्षरं. ‘टेस्ट’ असं लिहिणारे, आणि ते बहुतेक आमच्याच इंग्लंडच्या ऑफिसातले असायचे. मी प्रत्येकाला खण दिला आणि खणाला नाव दिलं.

राजा पार्कने तेच केलं आणि आमची जुंपली. त्याने ‘हाय’ आणि ‘मदत’ एकाच खणात टाकले होते. मी म्हटलं, मदत म्हणणाऱ्याने निदान काहीतरी हवंय एवढं तरी सांगितलं, हाय म्हणणाऱ्याने तेही नाही. तो म्हणाला, “यार, दोनों को पूछना तो पड़ेगा ही.” त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पण मी ते त्या दिवशी कबूल केलं नाही.

एका खणाबद्दल मात्र आमचं एकमत होतं, आणि तोच सगळ्यांत मोठा निघाला. ज्यात पहिला संदेश म्हणजे अक्षरशः काहीच नाही. गिऱ्हाइकाचं नाव आहे, वेळ आहे आणि पुढे कोरं. खिडकी उघडण्याआधी गिऱ्हाइकाला एक छोटा फॉर्म भरावा लागायचा, त्यात नाव आणि प्रश्न. प्रश्नाचा रकाना सक्तीचा नव्हता. तो भरला तर तोच आमच्याकडे पहिला संदेश म्हणून यायचा, कोरा ठेवला तर कोरा यायचा. म्हणजे या लोकांनी काही न लिहिताच बटण दाबलं. चुकून दाबलं असेल, गंमत म्हणून दाबलं असेल. छापील यादीच्या समासात मी लाल पेनाने लिहिलं, ‘पूर्ण रिकामे, आत कोणी नाही. बंद करावे.’ आणि खाली दोन रेघा ओढल्या, माझ्या सवयीने.

बुधवारी साहेबांनी तो कच्चा कागद बघितला आणि खूश झाले. आमच्याकडे आधीच एक सवलत होती, की गिऱ्हाईक मिनिटभर गप्प राहिलं तर ठरावीक वाक्य टाकून चॅट बंद करता यायचं आणि ते सरासरीत धरत नसत. सगळे तेच करायचे. साहेबांनी संगणकावर काहीतरी जुळवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. या माझ्या मोठ्या खणातल्या चॅटवर काकू सहा-सहा, सात-सात मिनिटं बसून होत्या. एकही मिनिटात बंद केलेलं नव्हतं.

“देखिए,” साहेब हळहळत म्हणाले, “खाली चॅट पे बैठी रहती हैं. मैं क्या करूँ, आप ही बताइए. आपने ही तो लिखा है, कोई नहीं है.” मराठी येत नसलं तरी देवनागरी त्यांना वाचता येत होतीच.

काकूंना मीच आणलं होतं आणि त्यांना घालवणारा कागदही माझ्याच हातचा. आणि अशा वेळी माझं जे होतं तेच झालं, भीतीचा राग झाला. मी तरातरा काकूंच्या टेबलापाशी गेले.

“काकू, समोर कोणी नसताना तुम्ही सात मिनिटं काय बघत बसता?”

त्यांनी मान वर केली. “कोणी नसताना? काऊन गं? माणूस बसला आहे ना तिकडं.”

“त्याने काही लिहिलेलं नाही!”

“लिहिलं नसन. पण खिडकी तर बंद केली नाही त्याने. ज्याचं चुकून झालं तो लगेच निघून जाते. हा बसून राह्यला, मतलब त्याले काही पाहिजे.” मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, “मी विचारते त्यायले. वाट पाहते. मग लिहितात. आधी चिडतात, मग लिहितात.”

“चिडतात कशाला?”

“ते तर मले नाही समजलं. मीच काही चुकलं असन म्हणून माफी मागून टाकते.”

मी त्यांना सांगून टाकलं की शुक्रवारी काय होऊ शकतं. सांगायला नको होतं, पण तोंडातून गेलं. काकू पडद्याकडे वळल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “इथं मले कोणी रेल्वेच्या साहेबाची बायको म्हणत नाही. इथं मी काम करते म्हणून माझं नाव घेतात. तेवढंच वाटून राह्यलं होतं, की हे राहावं.”

मी जागेवर येऊन बसले. त्या सगळ्यात एक शब्द मला टोचत राहिला. चिडतात. रिकामं पाठवणारा माणूस चिडेल कशाला? ज्याने बेल वाजवून पळ काढला तो दार उघडणाऱ्यावर चिडत नाही.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. काकूंची ती सगळी कोरी चॅट काढली आणि पहिल्या ओळीवर न थांबता शेवटपर्यंत वाचली. एका बाईने तीन मिनिटांनी लिहिलं होतं, ‘मी सगळं सांगितलंय, तुम्ही वाचत नाही का?’ पुढच्यात एक म्हातारा, ‘पुन्हा? आत्ताच तर लिहिलं.’ तिसरा म्हणत होता की एवढं टाइप करायला त्याला अर्धा तास लागला. आणि प्रत्येक ठिकाणी काकूंचं एकच शांत उत्तर, की तुमचं लिहिलेलं माझ्यापर्यंत पोचलं नाही, थोडक्यात पुन्हा सांगाल का, मी इथेच आहे.

मग बाकीच्यांची कोरी चॅट बघितली. मिनिटाने बंद. पण तीच नावं पाच-दहा मिनिटांनी पुन्हा दिसत होती, या वेळी ‘हॅलो???’ घेऊन. ती मी उतावळ्यांच्या खणात टाकली होती. मी नुसते पहिले संदेश बघत होते, म्हणून एकच माणूस मला दोन खणांत दोनदा भेटला आणि मी त्याला ओळखलं नाही.

“राजा पार्क,” मी ओरडले, “तुझ्या मशीनवर चॅट घे. मी गिऱ्हाईक बनते.”

कंपनीची वेबसाइट उघडून मी फॉर्म भरला. प्रश्नात लिहिलं, पट्टा तुटला. त्याच्या पडद्यावर आलं, पट्टा तुटला. पुन्हा भरला, दोन ओळी. आल्या. तो म्हणाला, सब ठीक तो है. मला वैताग आला होता, त्या भरात मी त्या रकान्यात मनात येईल ते टाइप करत सुटले. साहेब कसे, त्यांची ती यादी कशी, काकूंचा वेंधळेपणा, राजा पार्क डबा खाताना कसा आवाज करतो, सगळं. चांगलं पानभर झालं असेल. बटण दाबल्यावर मग मला भान आलं की हे आता तो वाचणार. मी खुर्चीतून उठले.

“खाली है,” तो म्हणाला.

मी धावत जाऊन बघितलं. माझं नाव, वेळ आणि पुढे कोरं. माझी एवढी गरळ कुठल्या कुठे गेली होती. आयुष्यात एकाच वेळी दोन कारणांनी सुटल्यासारखं वाटण्याचा तो एकच प्रसंग.

आम्ही दोघांनी मजकूर थोडा थोडा वाढवत दहा-बारा वेळा करून पाहिलं. एका लांबीपर्यंत सगळं येत होतं, त्यापुढे काहीच नाही. अर्धंमुर्धंसुद्धा नाही. आमच्या संगणक विभागातल्या माणसाने बघितल्या बघितल्या सांगितलं. फॉर्ममधला मजकूर पुढच्या खिडकीला देताना तो खिडकीच्या पत्त्याच्या ओळीला जोडला जायचा, आणि त्या ओळीत मावेल त्याला मर्यादा असते. तिच्याबाहेर गेलं की या प्रोग्रॅमने सगळंच टाकून द्यायचं आणि खिडकी कोरी उघडायची. लिहिणाऱ्याला मात्र वाटायचं, पाठवलं. तो हात जोडून उत्तराची वाट बघत बसायचा आणि इकडे आम्ही म्हणायचो, आत कोणी नाही.

म्हणजे आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत ज्यांनी जास्तीत जास्त लिहिलं होतं, तीच माणसं मी ‘पूर्ण रिकामे’ म्हणून बांधून ठेवली होती. मशीन कोणत्या वर्षी घेतलं, आवाज कसा येतो, शेजारी काय म्हणाला, सगळं पत्रासारखं सविस्तर लिहिणारी म्हातारी माणसं. मला लाज वाटली. लाज वाटली आणि हसूही आलं, आणि काकूंची नोकरी वाचेल अशी आशाही.

गुरुवारी आम्ही वर्गवारी नव्याने मांडली. आता दोन रकाने केले. पहिल्यात, उत्तर देणाऱ्याला पडद्यावर काय दिसलं. दुसऱ्यात, पुढचं चॅट वाचून त्याचा खरा अर्थ काय निघाला. पहिला रकाना सगळ्यांना सारखा दिसत होता म्हणून त्यावर आमचं भांडण झालं नाही. दुसऱ्यावर झालं, पण भांडताना पुरावा पुढच्याच ओळीत असायचा. ‘हाय’ म्हणणारे बहुतेक नुसते दार वाजवून बघणारे निघाले, पाठोपाठ प्रश्न विचारणारे. ‘मदत’वालेही तेच. राजा पार्कचं खरं ठरलं आणि मी ते त्याच्यासमोर मोठ्याने म्हटलं, त्याने तारीख लिहून ठेवायचं नाटक केलं. मोठ्या कोऱ्या खणाचे दोन भाग केले, ‘खरोखर रिकामे’ आणि ‘वाटेत रिकामे झालेले’. जे निघून गेले आणि परतलेच नाहीत, त्यांच्याबद्दल काही कळायला मार्ग नव्हता. त्यांच्यासमोर आम्ही ‘माहीत नाही’ असंच लिहिलं. कामाच्या कागदावर मी तोपर्यंत असलं काही कधी लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी साहेबांना मी बोलून दाखवलं नाही, करून दाखवलं. त्यांना गिऱ्हाईक केलं. म्हटलं, लिहा, भरपूर लिहा. ते बिचारे सिव्हिल लाइन्समधल्या कोणा मोठ्या साहेबाकडे झालेल्या अपमानाची हकीकत लिहीत बसले असावेत, कारण फार वेळ लागला आणि कान लाल झाले. बटण दाबलं. माझ्या पडद्यावर कोरं आलं. मी मिनिटभर थांबले आणि ठरावीक वाक्य टाकून चॅट बंद करून टाकलं.

“अरे!” साहेब उसळले. “मैंने इतना लिखा था!”

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी ते कोरं बघितलं. मग विचारलं, “आंटी क्या करती हैं ऐसे में?” मी काकूंच्या सहा नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी सहाही उभ्याने वाचल्या. आकड्यांचा माणूस, आकडाच शोधला त्यांनी आणि सापडलाही. काकूंनी धरून ठेवलेल्या कोऱ्या चॅटमधली बहुतेक माणसं शेवटी काही ना काही विकत घेऊन गेली होती. इंग्लंडला फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला. पुढच्या आठवड्यात तिकडच्यांनी तो रकाना दुरुस्त केला. परस्पर बंद करायचा बेत सोडून दिला, आणि काकूंचं ते वाक्य सगळ्यांच्या तयार उत्तरांच्या यादीत पहिलं गेलं.

त्याच शुक्रवारी काकूंना कायम केल्याचा कागद मिळाला तेव्हा मी साहेबांच्या दाराबाहेर उभी होते. त्या बाहेर आल्या, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “झालं बाप्पा एकदाचं.” मी खालच्या मजल्यापर्यंत जिना उड्या मारत उतरले.

घरी जाताना आम्ही कंपनीच्या जीपमध्ये मागे शेजारी बसायचो. त्या दिवशी मला राहवेना. मी म्हटलं, “काकू, एक सांगायचंय. तो कच्चा कागद होता ना, त्यावर ‘बंद करावे’ असं मीच लिहिलं होतं. तुमचीच चॅट होती त्यात. मी उघडूनसुद्धा बघितली नव्हती.”

काकू बाहेर बघत राहिल्या. सीकर रोड सरकत होता. एरवी मी एवढ्यात दहा गोष्टी बोलले असते, सफाई दिली असती, चिडले असते की निदान काही तरी बोला. त्या दिवशी मी बोलले नाही. एक मिनिट गेलं असेल, मग आणखी गेलं. सिग्नलला जीप थांबली आणि सुटली. तरी मी बसून राहिले.

कॉलनीचं फाटक दिसायला लागलं तेव्हा त्या वळल्या.

“ठाऊक होतं मले,” त्या म्हणाल्या. “कागद साहेबाच्या टेबलावरच पडला होता बुधवारी. लाल पेन, खाली दोन रेघा. दुसऱ्या कोणाचं अक्षर असन?”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“म्हटलं, वाचशीन तू पुढचं.” त्यांनी पर्स मांडीवर घेतली, उतरायच्या तयारीने. “उद्या डबा आणू नको. वांगं करून राह्यली मी.”